चार ब्रास वाळूचे वजन किती? घनफळाचा टनांतील हिशेब

बांधकामासाठी वाळू आणि खडी मोजून मागवली जाते, तोलून नव्हे. महाराष्ट्रात हे माप ब्रासचे असते, तर देशाच्या इतर अनेक भागांत घनफुटाचे. मात्र ज्या ट्रकमधून हा माल येतो, त्याची मर्यादा कायद्याने वजनात ठरवलेली आहे. त्यामुळे हौद्यात सहज मावणारा माल रस्त्यावर बेकायदा ठरू शकतो. घनफळाचे टनांत रूपांतर कसे करायचे आणि त्यात चूक नेमकी कोठे होते, हे मागणी नोंदवणाऱ्याला माहीत असल्यास दंड टळतो आणि मापातील फसगतही लक्षात येते.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. या घनफळाला मालाच्या स्थूल घनतेने गुणले की वजन मिळते. स्थूल घनता म्हणजे कणांमधील पोकळ्यांसह एक घनमीटर मालाचे वजन. येथे पहिली मोठी चूक होते. वाळूच्या कणाची स्वतःची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट असते, आणि काही जण हाच आकडा हिशेबात धरतात. परंतु ढिगातील बरीच जागा हवेने व्यापलेली असल्याने कोरड्या, सुट्या वाळूचे वजन घनमीटरला साधारण १.६ टनच भरते. २० मिलिमीटर आकाराच्या खडीचे वजन त्याहून थोडे कमी, सुमारे १.४५ टन असते. हे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत, कारण दगडाची जात आणि कणांचा आकार यांनुसार ते बदलतात.

ट्रकची मर्यादा ठरवताना आधार नोंदणी प्रमाणपत्राचा घ्यावा लागतो. त्यात वाहनाचे रिकामे वजन आणि भारासह कमाल एकूण वजन नमूद असते. या दोहोंतील फरक म्हणजे वाहून नेता येणारा माल. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये मालवाहनांच्या एक्सलवरील भाराच्या मर्यादा वाढवल्या. त्यानुसार दोन एक्सलच्या ट्रकची एकूण मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. तथापि, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ नुसार प्रमाणपत्रातील एकूण वजनाहून अधिक भाराने वाहन चालवता येत नाही. म्हणून चालकाच्या तोंडी माहितीपेक्षा त्या प्रमाणपत्रातील आकडा पाहणे आवश्यक ठरते.

उदाहरणादाखल एक दहाचाकी टिपर घेऊ. त्याचे एकूण वजन २८ टन आणि रिकामे वजन ११.५ टन असल्यास त्यात १६.५ टन माल भरता येईल. मागणी चार ब्रासची, म्हणजे ११.३३ घनमीटरची आहे. खडी असेल तर ११.३३ गुणिले १.४५, म्हणजे सुमारे १६.४ टन भरतात आणि वाहन मर्यादेत राहते. कोरडी वाळू असेल तर ११.३३ गुणिले १.६, म्हणजे सुमारे १८.१ टन होतात. हौदा तोच, पातळी तीच, तरीही वाहन १.६ टनांनी अतिभारित ठरते. अशा टिपरमध्ये कोरडी वाळू १०.३ घनमीटर, म्हणजे साधारण ३.६ ब्रासच भरता येते.

खरी गुंतागुंत पाण्यामुळे निर्माण होते. वाळू किंचित ओलसर असते तेव्हा पाण्याचा पातळ थर कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो आणि वाळू फुगते. पाच ते सहा टक्के ओलाव्यात हा फुगवटा २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. वाळू जितकी बारीक, तितका तो अधिक. पाणी आणखी वाढले की हा थर मोडतो, कण पुन्हा जवळ येतात आणि घनफळ कोरड्या वाळूइतके होते. मात्र पोकळ्या पाण्याने भरल्यामुळे वजन वाढते. खडीचे तुकडे मोठे असल्याने तिच्यात असा फुगवटा जवळजवळ येत नाही.

याच टिपरमध्ये २५ टक्के फुगलेली चार ब्रास वाळू भरल्यास तिच्यातील प्रत्यक्ष वाळू ३.२ ब्रासच असते. तिचे कोरडे वजन १४.५ टन आणि पाच टक्के पाणी धरून एकूण सुमारे १५.२ टन होते. वाहन मर्यादेत राहते, पण खरेदीदाराने पैसे चार ब्रासचे मोजलेले असतात. याउलट नुकतीच उपसलेली, पाणी निथळत असलेली वाळू घनमीटरला १.९५ टन धरली, तर तेच चार ब्रास २२.१ टनांवर जातात आणि मर्यादा ५.६ टनांनी ओलांडली जाते. एकाच घनफळाच्या दोन खेपांत जवळपास सात टनांचा फरक पडतो, तो केवळ पाण्यामुळे.

हा फुगवटा तपासणे सोपे आहे. सरळ भिंतींच्या काचेच्या बरणीत ओलसर वाळू २० सेंटिमीटर उंचीपर्यंत सैल भरावी. मग ती बाहेर काढून बरणीत निम्म्यापर्यंत पाणी घ्यावे, सर्व वाळू पुन्हा आत सोडून ढवळावी आणि स्थिर होऊ द्यावी. वाळूची पातळी १६ सेंटिमीटरवर आल्यास फुगवटा १६ वर ४, म्हणजे २५ टक्के आहे. भारतीय मानक २३८६ च्या तिसऱ्या भागातही पाण्यात बुडवून फुगवटा मोजण्याची अशीच पद्धत दिलेली आहे.

स्थूल घनताही कामाच्या जागी काढता येते. एक बादली रिकामी तोलावी, मग काठोकाठ पाणी भरून तोलावी. पाण्याचे जितके किलो, तितके लिटर बादलीचे घनफळ. त्यानंतर ती आलेल्या मालाने न दाबता भरून वरून सपाट करावी आणि पुन्हा तोलावी. बादलीत १४.८ लिटर पाणी मावत असेल आणि वाळू २३.७ किलो भरली, तर भागाकार १.६ येतो. लिटरला जितके किलो, तितकेच घनमीटरला टन, त्यामुळे हा आकडा थेट हिशेबात वापरता येतो. माल दाबून भरल्यास मात्र घनता जास्त येते, आणि लोडरने हौद्यात टाकलेला माल तसा दाबलेला नसतो.

प्रवासात हादऱ्यांमुळे माल दबतो आणि हौद्यातील पातळी खाली जाते. माल पोहोचल्यावर घनफळ थोडे कमी दिसले, एवढ्यावरून तो वाटेत काढला गेला असे म्हणता येत नाही, कारण पातळी उतरली तरी वजन तेच राहते. शंका असल्यास भरतानाची आणि पोहोचल्यावरची वजनकाट्याची पावती ताडून पाहावी. माल निथळत असेल तर वाटेत गळालेले पाणी या फरकात धरावे लागते.

अतिभारासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २० हजार रुपये आणि प्रत्येक अतिरिक्त टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही आणि तो उतरवण्याचा खर्चही द्यावा लागतो. ही जबाबदारी केवळ चालकाची नसते. असे वाहन चालवण्यास लावणारा किंवा चालवू देणाराही तिच्या कक्षेत येतो. त्यामुळे मागणीपत्रात ब्रासबरोबर टनांचा आकडा आणि मालाची स्थिती, म्हणजे तो कोरडा, ओलसर की निथळता आहे, हे लिहून घेणे आणि माल उतरवण्यापूर्वी ते वजनकाट्याच्या पावतीशी पडताळणे हिताचे ठरते.