तीन विहिरी आणि जमिनीखालचा उतार

ग्रामपंचायतीला सार्वजनिक शौचालय बांधायचं आहे. जागा ठरली आहे आणि शोषखड्डा कुठे घ्यायचा तेही ठरलं आहे. गावाला पिण्याचं पाणी देणारी ओढ्याकाठची विहीर तिथून १४० मीटरवर, बरोबर दक्षिणेला आहे. कोणी शंका काढलीच, तर उत्तर तयार असतं: ‘पावसाळ्यात त्या जागेचं पाणी आग्नेयेला वाहतं, विहिरीला वळसा घालून ओढ्याला मिळतं. विहिरीला काय होणार?’

पावसाचं पाणी कुठे वाहतं हे गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे ते खरंच असतं. पण शोषखड्ड्यातलं पाणी जमिनीवरून वाहत नाही. ते मुरमात झिरपतं, भूजलाला मिळतं आणि पुढे भूजल जाईल तिकडे जातं. भूजलाची दिशा जमिनीच्या उताराशी बऱ्याचदा जुळते, पण जुळलीच पाहिजे असं नाही. वरून सलग दिसणाऱ्या माळाखाली कुठे मुरमाचा जाड थर असतो, तर कुठे दोन-तीन मीटरवरच कठीण काळा पाषाण लागतो, आणि पाणी आपली वाट त्याप्रमाणे धरतं. ती वाट शोधायला तीन विहिरी, एक टेप, उंची मोजण्याचं साधन आणि आलेखाचा कागद एवढं पुरतं. भूजलशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही ‘तीन बिंदूंची पद्धत’ अगदी सुरुवातीला शिकवतात. माझ्या मते ती प्रत्येक पाणीपुरवठा समितीतल्या निदान एकाला तरी यायला हवी.

तीनच विहिरी का? एका विहिरीतून फक्त तिथली पातळी कळते. दोन विहिरींतून त्या दोघींत पाणी कुठे उंच आहे ते कळतं, पण खरा उतार त्या दोघींना जोडणाऱ्या रेषेवरच असेल याची खात्री नसते. तिसरी विहीर रेषेबाहेर असली की तीन पातळ्यांवरून एक सपाट, कललेला पृष्ठभाग ठरतो. पत्र्याचं छप्पर तीन ठिकाणी किती उंच आहे ते कळलं, की पागोळ्या कुठल्या बाजूला पडणार ते सांगता येतं, तसंच हे. मात्र तिन्ही विहिरी एका ओळीत नकोत. त्रिकोण जितका ऐसपैस, तितकं उत्तर भरवशाचं.

आता आकडे घेऊ. ते समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण दख्खनच्या पठारावरच्या कुठल्याही गावात शोभतील असे आहेत. पहिली विहीर माळावरची. दुसरी ओढ्याकाठची, पहिलीपासून २५० मीटरवर. पहिलीहून २०० मीटर दक्षिणेला आणि १५० मीटर पूर्वेला. तिसरी वडाजवळची, पहिलीहून ८० मीटर दक्षिणेला आणि २६० मीटर पूर्वेला.

प्रत्येक विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करायची आणि तिथून खाली पाण्यापर्यंत टेपने मोजायचं. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासला, की ओला झालेला भाग स्पष्ट दिसतो आणि सेंटीमीटरपर्यंत आकडा मिळतो. समजा, माळावर पाणी ८.२० मीटर खोल लागलं, वडाजवळ ३.०५ आणि ओढ्याकाठी २.९०. इथेच थांबणाऱ्याची दिशाभूल होते. माळावरचं पाणी सगळ्यांत खोल, म्हणजे तेच सगळ्यांत खालचं, असं वाटतं. वडाजवळचं आणि ओढ्याकाठचं जवळपास सारखंच वाटतं. खरं तर खोलीवरून काहीच ठरत नाही, कारण तिन्ही काठ वेगवेगळ्या उंचीवर आहेत.

म्हणून काठांची उंची काढावी लागते. शाळेच्या पायरीसारखी न हलणारी एक जागा धरायची आणि तिची उंची १०० मीटर मानायची. समुद्रसपाटीपासूनची खरी उंची इथे लागत नाही. तिन्ही काठ एकाच खुणेपासून मोजले म्हणजे झालं. रस्त्याच्या किंवा कालव्याच्या कामावर वापरतात ती डंपी लेव्हल आणि स्टाफ मिळाला तर हे काम एका सकाळचं आहे. या मोजणीत माळावरच्या विहिरीचा काठ १०३.४० मीटर आला, वडाजवळचा ९७.०५ आणि ओढ्याकाठचा ९५.१०. काठाच्या उंचीतून पाण्याची खोली वजा केली की पाण्याची खरी पातळी मिळते: माळावर ९५.२०, वडाजवळ ९४.००, ओढ्याकाठी ९२.२०. सगळ्यांत खोल दिसणारं माळावरचं पाणी प्रत्यक्षात सगळ्यांत उंच निघालं, आणि सारख्या वाटलेल्या दोन विहिरींत १.८० मीटरचा फरक निघाला.

पुढचं काम कागदावर. एक सेंटीमीटर म्हणजे वीस मीटर असं प्रमाण धरून, उत्तर दिशा वर ठेवून तिन्ही विहिरी मांडायच्या. मग सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत खालच्या पातळीच्या विहिरी, म्हणजे माळावरची आणि ओढ्याकाठची, रेषेने जोडायच्या. त्या २५० मीटरमध्ये पातळी एकूण ३ मीटर उतरते. मधली पातळी वडाजवळच्या विहिरीची, ९४.००. माळापासून ती १.२० मीटर खाली, म्हणजे एकूण उताराच्या दोन-पंचमांश. तेव्हा रेषेवरचं अंतरही दोन-पंचमांश घ्यायचं: माळापासून १०० मीटर, कागदावर ५ सेंटीमीटर. तिथे टिंब द्यायचं. या टिंबाखालीही पाणी ९४.०० वर असणार आणि वडाजवळच्या विहिरीतही ते ९४.०० वरच आहे. दोन्ही जोडणारी रेष ही ९४ मीटरची समपातळी रेषा. आपल्या मांडणीत ती नेमकी पूर्व-पश्चिम येते.

समपातळी रेषेवर पाण्याला ना चढ असतो ना उतार. सर्वांत तीव्र उतार तिला काटकोनात असतो आणि भूजल तिकडे जातं. म्हणून ओढ्याकाठच्या विहिरीतून या रेषेवर लंब टाकायचा. तो कागदावर ६ सेंटीमीटर भरतो, म्हणजे १२० मीटर. एवढ्या अंतरात पातळी ९४.०० वरून ९२.२० वर येते, १.८० मीटर. भागाकार केला की ०.०१५ येतो: दर शंभर मीटरला दीड मीटर उतार, दिशा थेट दक्षिण. माळ आणि ओढा या दोनच विहिरी घेतल्या असत्या, तर ३ मीटरला २५० ने भागून ०.०१२ आला असता आणि दिशा आग्नेय वाटली असती. उतार कमी आणि दिशा चुकीची, दोन्ही.

आता शोषखड्ड्याकडे परत येऊ. पावसाचं पाणी तिथून आग्नेयेला जातं हे खरंच, पण जमिनीखालचं पाणी दक्षिणेला जातं, आणि दक्षिणेला पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. किती दिवसांत पोहोचेल? फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणारे अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ साली मांडलेला नियम इथे लागू पडतो: थर पाणी जितकं सहज जाऊ देतो आणि उतार जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. मुरमाची पारगम्यता दिवसाला १ मीटर धरली आणि पाणी खेळतं ती पोकळी दोन टक्के धरली, तर पाणी दिवसाला पाऊण मीटर सरकतं. १४० मीटरला साधारण सहा महिने लागतात. पारगम्यतेचा खरा आकडा पंप लावून चाचणी घेतल्याशिवाय कळत नाही, आणि खडकात रुंद भेगा असतील तर हेच अंतर कितीतरी लवकर कापलं जातं. तेव्हा सहा महिने हा अंदाज आहे. दिशा मात्र मोजलेली आहे.

मोजलेली दिशाही चुकू शकते, आणि बहुतेक वेळा ती काठाच्या उंचीत चुकते. कोणी घाईत मोबाइलवर उंची पाहून वडाजवळचा काठ ९७.०५ ऐवजी १००.०५ लिहिला असं समजा. उंचीच्या बाबतीत मोबाइल तीन मीटर सहज चुकतो. मग त्या विहिरीची पातळी ९७.०० येते, तीच सगळ्यांत उंच ठरते आणि बाण दक्षिणेकडून तीस अंश नैर्ऋत्येकडे फिरतो. त्या नकाशावर शोषखड्ड्याचं पाणी ओढ्याकाठच्या विहिरीपासून बरंच पश्चिमेने निघून जाताना दिसतं. एका चुकीच्या आकड्याने खड्डा निर्धोक ठरतो. पूर्णा खोऱ्यातल्या गाळाच्या सपाट प्रदेशात भूजलाचा उतार फार मंद असतो. तिथे काही सेंटीमीटरची चूकही दिशा बदलू शकते, म्हणून विहिरी एकमेकींपासून लांबच्या निवडाव्या लागतात.

दुसरी अडचण मोटारींची. उपसा चालू असलेल्या विहिरीतली पातळी त्या विहिरीपुरती खाली गेलेली असते. आजूबाजूच्या भूजलाची ती पातळी नसते. सकाळी लवकर मोजा असं सांगतात, पण शेतीची वीज रात्री येत असेल तर सकाळीच विहीर सर्वांत जास्त उपसलेली असते. तिन्ही विहिरींचा उपसा आदल्या दिवसापासून बंद ठेवून एकाच दिवशी मोजणं हा यावरचा उपाय. विहीर भरून स्थिर झाली का, हे ओळखायला तासाभराने पुन्हा टेप सोडायचा. पाणी अजून चढत असेल तर तो आकडा घ्यायचा नाही.

आणि तिन्ही विहिरी एकाच थरातल्या हव्यात. बसाल्टमध्ये वरच्या मुरमातलं पाणी आणि साठ-सत्तर मीटर खालच्या सच्छिद्र थरातलं पाणी यांच्या पातळ्या वेगळ्या असू शकतात, कारण मध्ये पाषाणाचा घट्ट थर असतो. दोन विहिरी आणि एक कूपनलिका घेऊन काढलेला बाण कागदावर नेटका दिसतो, पण जमिनीखाली त्याला अर्थ नसतो.

ही चूक ओळखायची कशी? तीन बिंदूंतून सपाट पृष्ठभाग नेहमीच निघतो, आकडे चुकीचे असले तरी निघतो. म्हणून शक्य तिथे चौथी विहीर घ्यावी. ती माळावरच्या विहिरीहून १०० मीटर दक्षिणेला असेल, तर आपल्या उतारानुसार तिथे पातळी ९५.२० उणे १.५०, म्हणजे ९३.७० असायला हवी. मोजल्यावर काही सेंटीमीटरच्या फरकाने तेवढीच आली तर नकाशावर विसंबता येतं. मीटरभराचा फरक आला, तर आधी काठाची उंची पुन्हा तपासायची, मग जवळ कुठे उपसा चालू आहे का ते पाहायचं. दोन्ही ठीक असतील तर खडकातच काही आडवं आलेलं असू शकतं. धुळे-नंदुरबारकडे बसाल्टमध्ये भिंतीसारखे उभे घुसलेले डाइक जागोजागी दिसतात; त्यांच्या दोन बाजूंना पाणी वेगवेगळ्या पातळीवर असू शकतं. अशा ठिकाणी विहिरींचा त्रिकोण डाइकच्या एकाच बाजूला ठेवावा लागतो.

आपल्या गावात चौथ्या विहिरीनेही ९३.७० च दाखवली असं धरू. तरी ही मोजणी ऑक्टोबरातली असेल, तर मे महिन्यात ती पुन्हा करावी लागेल, कारण उन्हाळ्यात उपसा वाढतो, वरचा मुरूम कोरडा पडतो आणि बाण थोडा फिरू शकतो. दोन्ही वेळा तो दक्षिणेकडेच राहिला तर शोषखड्ड्याची जागा बदलायला हवी. विहिरीच्या पूर्वेला, वडाच्या बाजूला तो शंभर मीटर सरकवला, तर त्याचं पाणी विहिरीपासून शंभर मीटर पूर्वेने ओढ्याकडे जाईल, मात्र वडाजवळची विहीर पिण्यासाठी वापरात नाही ना, हे त्याआधी पाहावं लागेल.