राजीनाम्याआधी ऑफर लेटर

"सिलेक्शन झालंय, पॅकेज १४ लाख. आजच पेपर टाका, लेटर पाठोपाठ येतंय." हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणाऱ्याला असा फोन एकदा तरी येतो. रिक्रूटरची घाई समजण्यासारखी आहे. आयटीत ६० ते ९० दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास असतो, आणि उमेदवाराने आज राजीनामा दिला तर त्याला माणूस तितका लवकर मिळतो. धोका मात्र सगळा उमेदवाराचा.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही सहसा वैध ठरतो. पण तो झाला होता हे दाखवायचं कशाने? शिवाय फोन करणाऱ्याला अंतिम मंजुरीचा अधिकार असेलच असं नाही. वित्त विभागाने पद गोठवलं की त्याचा शब्द तिथेच संपतो.

समजा, एक टेस्टर ११ लाखांवर आहे आणि तिला फोनवर १४ लाख सांगितले गेले. लेटर आल्यावर दिसतं, की निश्चित पगार ११ लाख ६० हजार आहे, १ लाख ४० हजार कामगिरीवर अवलंबून आहेत आणि उरलेला १ लाख जॉइनिंग बोनस आहे. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत करायचा. आकडा खोटा नव्हता, पण दरमहा हमखास मिळणारी वाढ वर्षाला ६० हजारांचीच निघाली. राजीनामा दिलेला नसेल तर तिला अजून घासाघीस करता येते. दिलेला असेल तर तो मागे घेऊ देणं बहुधा जुन्या कंपनीच्या मर्जीवर राहतं.

म्हणून फोन ठेवताच मेल करावा: "आज सांगितलेलं पद आणि १४ लाखांचं पॅकेज कळलं, आभारी आहे. पगाराच्या तपशिलासह ऑफर लेटर मिळालं आणि अटी जुळल्या, की दुसऱ्या दिवशी राजीनामा देईन. माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे." यात उद्धटपणा काहीच नाही. उत्तर कंपनीच्या अधिकृत मेलवरून यायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप किंवा 'लेटर ऑफ इंटेंट' पुरेसं धरू नये. काही एचआर आधी राजीनामा स्वीकारल्याचा मेल मागतात आणि मग लेटर देतात. तिथे थांबावं, कारण या क्रमात उमेदवाराच्या हातात काहीच उरत नाही.

लेटरलाही मर्यादा आहेत. बहुतेक ऑफर पार्श्वभूमी पडताळणीच्या अटीवर असतात, तेव्हा जुन्या नोकऱ्यांच्या तारखा कागदपत्रांशी जुळतात का, हे आधीच पाहावं. जुलै २०२५ मध्ये 'नाइट्स' या पुण्याच्या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, की टीसीएसने निवडलेल्या सहाशेहून अधिक अनुभवी लोकांचं रुजू होणं लांबणीवर पडलं आहे. त्यांच्या हातात ऑफर लेटरं होती आणि अनेकांनी जुन्या नोकऱ्या सोडल्या होत्या. त्यामुळे शेवटच्या दिवसाच्या दोन-तीन आठवडे आधी रुजू होण्याची तारीख मेलवर पुन्हा पक्की करून घ्यावी. उत्तर टोलवाटोलवीचं आलं, तर नोटीस वाढवून देण्याची विनंती जुन्या साहेबांकडे तेव्हाच करता येते; रिलीव्हिंग लेटर निघाल्यावर ती वाट बंद झालेली असते.