एक राग सांगा, बाई आपोआप कळतील

आषाढी पौर्णिमेच्या आगेमागे एखाद्या रविवारी गावोगावच्या गाण्याच्या क्लासांचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम असतो. शाळेचा हॉल घेतलेला असतो. सकाळी गुरूंच्या गुरूंच्या तसबिरीला हार घातला जातो, मग प्रारंभिकच्या मुलांपासून विशारदच्या विद्यार्थ्यांपर्यंत एकेक जण गाऊन जातो. शेवटी बाई स्वतः गायला बसतात आणि त्याआधी एखाद्या माजी विद्यार्थिनीला मनोगतासाठी बोलावतात. तिला चार मिनिटं मिळतात. त्यातलं एक मिनिट गुरुवंदनेच्या श्लोकात जातं, दुसरं ‘आज मी जी काही आहे ती बाईंमुळे’ यात, आणि उरलेल्या दोन मिनिटांत बाई शांत, प्रेमळ आणि संयमी आहेत हे सांगून होतं. मनापासून आलेली मुलगी असते, पण बाईंनी नेमकं काय केलं हे हॉलमध्ये कुणालाच कळत नाही.

गाणं शिकवण्यातला संयम डोळ्यांना दिसेल असा असतो. गुरू एक जागा गाऊन दाखवतात, शिष्य ती म्हणतो, चुकतो, गुरू तीच जागा पुन्हा म्हणतात. शिष्याच्या गळ्यात ती लवकर येत नाही, कारण बहुतेक वेळा ती त्याच्या कानालाच अजून ऐकू आलेली नसते. कान तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर तेच ते न कंटाळता गात राहणं हे गुरूंचं काम. पंडित भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकले, तेव्हा तोडी, मुलतानी, पूरिया अशा मोजक्या रागांवरच दीर्घकाळ तालीम चालली. पुढे 1953 साली त्यांनी गुरूंच्या स्मृतीसाठी पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. इतकं मोठं ऋण फेडणं प्रत्येकाला जमणार नाही. चार मिनिटं नीट बोलणं मात्र जमू शकतं, आणि त्यासाठी एकच राग, त्यातली एकच जागा पुरते.

भूप घ्या. बहुतेकांचं शिक्षण त्यानेच सुरू होतं. सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. हेच पाच स्वर देसकारातही आहेत. पण भूप रात्रीचा राग, त्याचा जीव गंधारात आणि मध्य सप्तकाच्या खालच्या भागात. देसकार सकाळचा, तो वरच्या अंगाला धैवतावर उभा. थांबण्याची जागा चुकली की स्वर बरोबर असूनही राग बदलतो. शिकणाऱ्याला हे सांगून समजतं, पण ऐकू येत नाही. या एका गोष्टीवर उभं राहणारं मनोगत कसं होईल, त्याचा हा नमुना.

‘बाई, नमस्कार. रसिकहो आणि क्लासमधल्या मुलांनो, मी बाईंकडे सहावीत असताना आले आणि नोकरीसाठी गाव सोडेपर्यंत शिकले. मी गायिका झाले नाही, बँकेत काम करते. त्यामुळे बाईंनी मला काय दिलं हे माझ्या मैफिलींवरून सांगता येणार नाही. म्हणून एक राग सांगते.

भूप मला येतो असं मी धरून चालले होते. आरोह-अवरोह पाठ, छोटा ख्याल पाठ, ताना पाठ. माझा आवाज वर छान लागायचा, म्हणून मी सारखी धैवताकडे धावायचे आणि तिथेच रेंगाळायचे. बाई म्हणायच्या, “गंधारावर ये.” मी यायचे, आणि पुढच्या आवर्तनात पुन्हा वर. मग बाई पेटी बंद करायच्या, तानपुरा तेवढा चालू ठेवायच्या आणि गायच्या.

(इथे गाऊन दाखवावं: ग, रे सा ध़, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा.)

“म्हण.” मी म्हणायचे. “पुन्हा म्हण.” अख्खा पावसाळा आमचा या एका ओळीत गेला. आईने विचारलं, “हिला नवीन राग कधी?” बाईंनी आईला बसवून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “हिचा भूप अजून देसकाराकडे जातोय. तो घरी आला की पुढे जाऊ.”

मग एके दिवशी बाईंनी मला काही सांगितलंच नाही. त्या देसकार गायल्या.

(गाऊन दाखवावं: सां ध, प, ग प ध प, ग रे सा.)

मग भूप. पुन्हा देसकार. “आता सांग, तू कुठला गात होतीस?” त्या दिवशी मला तो फरक पहिल्यांदा ऐकू आला. बाई, तुम्ही शाबासकी दिली नाहीत. “आता रियाज कर,” एवढंच म्हणालात.

पुढच्या बॅचची मुलं दारात उभी असायची, परीक्षेचा फॉर्म भरून झालेला असायचा. तरी तुम्ही माझी घाई केली नाहीत, आणि मला जमत नाही असं चारचौघांत कधी म्हणाला नाहीत. आजही कुठे भूप लागला की गायक गंधारावर येईपर्यंत मी जागची हलत नाही. हा कान तुमचा आहे. नमस्कार करते, बाई.’

यात संयम हा शब्द एकदाही आलेला नाही. गाण्याचे दोन तुकडे मात्र ठेवायलाच हवेत, कारण समोर पालक बसलेले असतात. त्यांना वादी-संवादी सांगून काही हाती लागत नाही, पण दोन्ही ओळी पाठोपाठ ऐकल्या तर फरक जाणवतो. गाण्याआधी बाईंकडे बघून परवानगी घ्यावी आणि तानपुरा आपल्या पट्टीत लावून घ्यावा. आधीचं मूल काळी एकमध्ये गाऊन गेलेलं असेल आणि तुमची पट्टी काळी चार असेल, तर घाईत सूर सापडत नाही आणि ज्या जागेसाठी उभे राहिलात तीच बिघडते. बाईंच्या गुरूंचं नाव घेतलंत तर कानाच्या पाळीला हात लावायचा रिवाज आहे, तो पाळावा. बाईंच्या घरच्या अडचणी, आजारपण, फी माफ केल्याच्या गोष्टी कितीही कृतज्ञतेने सांगाव्याशा वाटल्या तरी त्यांना विचारल्याशिवाय माइकवर सांगू नयेत. आपल्या परीक्षांचे गुणही घरीच राहू द्यावेत.

मजकूर लिहून झाला की एक तपासणी करा. ‘बाई’ या शब्दाच्या जागी ‘क्रिकेटचे सर’ घालून वाचा. भाषण तरीही तसंच चालत असेल, तर त्यात अजून गाणं आलेलं नाही. ते फाडा आणि बाईंनी तुमच्याकडून सर्वांत जास्त वेळा म्हणून घेतलेली जागा कुठली, ते आठवा. प्रत्येकाला अशी एक तरी जागा असते: कुणाला न लागणारा कोमल ऋषभ, कुणाची समेवर न येणारी तान, कुणाचा तर नुसता षड्ज.

बोलून झाल्यावर तो कागद घडी करून खिशात घालू नका, बाईंना द्या. कार्यक्रमात त्यांचं अर्धं लक्ष पुढे गाणाऱ्या मुलाच्या तानपुऱ्याकडे असतं. तुमचं मनोगत त्या घरी गेल्यावरच निवांत वाचतील.