एकतीस ग्रॅमचा औंस

सोन्याचा भाव वर्तमानपत्रात दोन ठिकाणी छापलेला असतो. एक भाव मुंबई किंवा जळगावच्या सराफ बाजाराचा, रुपयांत आणि दहा ग्रॅमला. दुसरा आंतरराष्ट्रीय बाजाराचा, डॉलरमध्ये आणि औंसाला. सोनं एकच, दिवस एकच, म्हणून साहजिकच वाटतं की डॉलरचे रुपये केले, औंसाचे ग्रॅम केले की एका भावावरून दुसरा काढता येईल. येतोही. पण औंसाचे ग्रॅम करताना बहुतेक लोक चुकतात, आणि ती चूक लवकर लक्षात येत नाही.

शाळेच्या पुस्तकात, परदेशी खाद्यपदार्थांच्या पाकिटावर किंवा पाककृतीत जो औंस असतो तो २८.३५ ग्रॅमचा. सोन्याचा औंस तो नव्हे. सोनं, चांदी आणि प्लॅटिनम यांचा भाव ज्या औंसात सांगतात त्याला ट्रॉय औंस म्हणतात. त्याचं वजन ३१.१०३४७६८ ग्रॅम, म्हणजे व्यवहारापुरतं ३१.१०३५ ग्रॅम. बातमीत ‘प्रति औंस’ एवढंच लिहिलेलं असतं, ‘ट्रॉय’ हा शब्द गाळलेला असतो. सोन्याच्या बाजारात दुसरा औंस चालतच नसल्यामुळे तिथल्या माणसाला तो लिहायची गरज वाटत नाही. घोटाळा होतो तो बाजाराबाहेरच्या वाचकाचा.

हे दोन औंस एकाच मुळापासून निघाले आहेत. इंग्लंडमधलं सर्वांत लहान वजन म्हणजे ग्रेन, धान्याच्या दाण्याएवढं, आजच्या मापात सुमारे ६५ मिलिग्रॅम. ट्रॉय औंसात असे ४८० ग्रेन, तर किराणा-लोकरीच्या औंसात ४३७.५. मात्र ट्रॉय पौंड १२ औंसांचा आणि दुसरा पौंड १६ औंसांचा. त्यामुळे सोन्याचा औंस जड असला तरी सोन्याचा पौंड हलका, जेमतेम ३७३ ग्रॅमचा. सुदैवाने तो पौंड आता वापरात नाही.

‘ट्रॉय’ हे नाव फ्रान्समधल्या त्र्वा शहरावरून आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. शॅम्पेन प्रांतातल्या या गावी बाराव्या-तेराव्या शतकात मोठ्या जत्रा भरत. इटलीचे आणि उत्तर युरोपचे व्यापारी तिथे एकत्र येत. वेगवेगळ्या राजांची नाणी तिथे हातोहात फिरत आणि त्यांची किंमत वजनावर ठरे. अशा ठिकाणी सगळ्यांना मान्य असलेलं एक वजन लागतंच. इंग्लंडच्या टांकसाळीत त्या काळी टॉवर पौंड नावाचं वेगळं वजन चालत होतं. १५२७ मध्ये आठव्या हेन्रीने ते बंद करून टांकसाळीसाठी ट्रॉय वजन पक्कं केलं. राजाचं नाणंच त्या वजनाने पडू लागल्यावर सोनाराचा काटा वेगळा राहणं शक्य नव्हतं.

पुढे इंग्लंडने ट्रॉय पौंड सोडून दिला. १८७८ च्या वजन-माप कायद्याने तो रद्द झाला, पण त्याच कायद्याने मौल्यवान धातूंसाठी ट्रॉय औंस ठेवला. नंतर ब्रिटनने मेट्रिक पद्धत स्वीकारली, तेव्हाही हा अपवाद टिकला. याचं कारण निव्वळ परंपरेचं प्रेम नाही, असं मला वाटतं. सोन्याचा भाव म्हणजे शेकडो वर्षांच्या करारांची एक साखळी आहे. अमेरिकेने १९३४ मध्ये डॉलरचं मूल्य बांधलं ते औंसाला ३५ डॉलर असं. १९४४ च्या ब्रेटन वुड्स व्यवस्थेत इतर देशांची चलनं डॉलरला आणि डॉलर त्या औंसाला जोडला गेला. १९७१ पर्यंत, निदान सरकारांच्या आपसांतल्या व्यवहारांत, जगाचा पैसा या मापाला टांगलेला होता. असं माप बदलायचं म्हटलं तर तिजोऱ्यांतल्या नोंदी, करार आणि जुन्या भावांचे तक्ते सगळंच नव्याने लिहावं लागेल, आणि त्यातून सोन्याच्या मालकाला काहीही मिळणार नाही.

लंडनमध्ये १२ सप्टेंबर १९१९ रोजी सोन्याचा भाव ठरवण्याची रोजची पद्धत सुरू झाली. पहिल्या दिवशीचा भाव होता ४ पौंड १८ शिलिंग ९ पेन्स, एका शुद्ध औंसाला. आज हा भाव संगणकावरच्या लिलावातून लंडनच्या वेळेनुसार सकाळी साडेदहा आणि दुपारी तीन वाजता निघतो. एकक मात्र तेच आहे. ‘शुद्ध औंस’ यातला ‘शुद्ध’ हा शब्दही औंसाइतकाच महत्त्वाचा आहे.

लंडनच्या तळघरांत सोनं मोठ्या लगडींच्या रूपात असतं. एक लगड साधारण ४०० औंसांची, म्हणजे जवळजवळ साडेबारा किलो. पण प्रत्येक लगड नेमकी ४०० औंसांची नसते. तिच्यात ३५० ते ४३० औंस शुद्ध सोनं असलं आणि शुद्धता हजारात किमान ९९५ असली की ती चालते. ओतलेल्या धातूचं वजन थोडं इकडेतिकडे होणारच, म्हणून प्रत्येक लगडीची स्वतंत्र नोंद असते. समजा एका लगडीचं वजन ४०१.२५० औंस आणि शुद्धता हजारात ९९५.७ आहे. दोन्हींचा गुणाकार केला की ३९९.५२५ शुद्ध औंस येतात, आणि पैसे तेवढ्याचेच द्यायचे. उरलेला पावणेदोन औंस म्हणजे चांदी-तांब्यासारखा दुसरा धातू, त्याचा भाव धरत नाहीत. म्हणजे औंसाचा तो भाव एखाद्या वस्तूचा नसतो, तिच्यातल्या निखळ सोन्याचा असतो.

आता भाव उतरवून पाहू. सोपं जावं म्हणून आकडे गोल घेतो: औंसाला ३,००० डॉलर आणि डॉलरला ८५ रुपये. ३,००० ला ३१.१०३५ ने भागलं की ग्रॅमला ९६.४५ डॉलर येतात. दहा ग्रॅमला ९६४.५ डॉलर, म्हणजे साधारण ८१,९८४ रुपये. हा झाला बंदराबाहेरचा भाव. त्यावर आयात शुल्क लागतं. जुलै २०२४ मध्ये ते एकूण ६ टक्क्यांवर आणलं गेलं, तोच दर धरला तर रक्कम ८६,९०३ होते. त्यावर ३ टक्के जीएसटी धरला की ८९,५१० रुपये. ही चोख सोन्याची किंमत, घडणावळ वेगळी.

हेच गणित चुकीच्या औंसाने करून बघा. ३,००० ला २८.३५ ने भागा, दहाने गुणा, मग ८५ ने गुणा. उत्तर येतं सुमारे ८९,९४७ रुपये. कर न लावताही हा आकडा करासकटच्या खऱ्या भावाला जवळजवळ चिकटला! दोन्ही औंसांमध्ये पावणेदहा टक्क्यांचा फरक आहे, आणि शुल्क व जीएसटी मिळूनही नऊ टक्क्यांच्या वरच जातात. म्हणून चुकीचा औंस घेणाऱ्याला आपलं उत्तर पेढीवरच्या भावाशी जुळलेलं दिसतं आणि गणित बरोबर आलं असं वाटतं. मग तो जगाला सांगत सुटतो की भारतात सोन्यावर करच नाही. उलट कोणी आधी चुकीचा औंस घेतला आणि वर करही लावले, तर त्याला पेढीवरचं सोनं दहा ग्रॅममागे साडेआठ-पावणेनऊ हजारांनी स्वस्त वाटू लागतं. फसवणुकीच्या योजनांना असा समज फार सोयीचा पडतो.

चूक पकडण्याची खूण सोपी आहे. दहा ग्रॅम म्हणजे ट्रॉय औंसाच्या एक तृतीयांशाहून किंचित कमी. तेव्हा औंसाच्या भावाला तीनने भागायचं, आणि दहा ग्रॅमचा डॉलरमधला भाव त्याहून थोडा खाली आला पाहिजे. ३,००० चा तिसरा हिस्सा १,०००, आणि खरं उत्तर ९६४.५. उत्तर हजाराच्या वर गेलं, तर औंस चुकला.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणारे नातेवाईक एक औंसाचं सोन्याचं नाणं भेट आणतात, तेव्हाही हा फरक समोर येतो. कॅनडाचं मेपल लीफ जवळजवळ संपूर्ण शुद्ध असतं, त्याचं वजन ३१.१ ग्रॅम भरतं. तिकडच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर औंसाच्या खान्यात १.१ दिसतं, कारण तो काटा दुसऱ्या औंसाचा. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड किंवा अमेरिकेचं गोल्ड ईगल मात्र २२ कॅरटचं असून त्याचं वजन ३३.९३ ग्रॅम भरतं. त्यावरही एक औंस असंच कोरलेलं असतं आणि ते खरंच आहे: त्यात शुद्ध सोनं ३१.१ ग्रॅम, बाकी मजबुतीसाठी मिसळलेला धातू. अशा नाण्याच्या संपूर्ण वजनाला २४ कॅरटचा भाव लावला, तर पावणेतीन ग्रॅम सोन्याचे पैसे जास्त जातात.

आपला तोळाही या कुटुंबातलाच आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ मध्ये तोळा १८० ट्रॉय ग्रेनचा ठरवला, रुपयाच्या नाण्याचं वजनही तेवढंच. ४८० चा १८० शी संबंध आठास तीन असा, म्हणून तोळा म्हणजे ट्रॉय औंसाचे बरोबर तीन अष्टमांश. दहा तोळ्यांचं जे बिस्किट आखाती देशांतून येत असे, ते नेमकं पावणेचार औंसांचं. लंडनचा औंस आणि झवेरी बाजाराचा तोळा यांचा हिशेब म्हणूनच अपूर्णांकात अडकत नसे.

हा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. १९५६ च्या मापांच्या कायद्यानंतर देश टप्प्याटप्प्याने मेट्रिक झाला आणि सराफाचा भाव दहा ग्रॅमला आला. बोलण्यातला ‘तोळा’ मात्र गेला नाही, तो दहा ग्रॅमवर येऊन बसला. घरातल्या एखाद्या जुन्या यादीत आजीच्या पाटल्या ‘चार तोळे’ लिहिल्या असतील, तर त्या ४६.६५ ग्रॅमच्या आसपास भरायला हव्यात. आज काट्यावर ४० ग्रॅम भरलं आणि सगळ्यांनी चार तोळे बरोबर आहेत म्हणून मान डोलावली, तर साडेसहा ग्रॅमचा हिशेब कुणीच मागितलेला नसतो. झीज धरली तरी पाटल्यांची एवढी झीज होत नाही. म्हणून वाटणीच्या वेळी यादीवरचं साल आधी वाचावं, आणि ते मेट्रिकच्या आधीचं असेल तर प्रत्येक तोळ्याला ११.६६ ने गुणून मगच काट्याकडे बघावं.