सोसायटीचे इतिवृत्त आणि हिशेब : फोल्डरबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सर्व सभासदांस,

वटारहून पहाटेची बस पकडून नालासोपारा स्टेशन गाठणारे आणि रात्री उशिरा परतणारे सभासद आपल्याकडे बरेच आहेत. काही जण आखातात नोकरीला आहेत. रविवारी १० ते १२ एवढाच वेळ उघडणारे कार्यालय त्यांच्या सोयीचे नाही. म्हणून सभांची इतिवृत्ते आणि वार्षिक हिशेब गूगल ड्राइव्हवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्यानंतर मला जिन्यात, गेटवर आणि फोनवर जे प्रश्न आले, त्यांतले बहुतेक चार गैरसमजांतून आलेले होते. त्यांचे निरसन इथे एकदाच करतो.

गैरसमज : फोल्डर उघडत नाही, म्हणजे समितीने मला वगळले आहे.

वस्तुस्थिती : कोणालाही वगळलेले नाही. फोल्डरची परवानगी `Restricted` अशी ठेवली आहे. सभासदाने सोसायटीला लेखी कळवलेल्या ईमेल पत्त्यालाच तो उघडतो, तोही फक्त वाचण्यासाठी. अडचण बहुधा फोनमधल्या दोन खात्यांमुळे येते. एका काकांच्या फोनमध्ये त्यांचे स्वतःचे खाते होते आणि मुलाने प्लेस्टोअरसाठी उघडून दिलेले दुसरेही होते. ड्राइव्ह दुसऱ्या खात्याने उघडत होता आणि पडद्यावर `You need access` दिसत होते. त्यांनी चिडून तीन वेळा `Request access` दाबले. त्या विनंत्या माझ्याकडे आल्या, पण अनोळखी पत्त्यावरून. त्या कोणत्या सदनिकेच्या हे कळेना, म्हणून मी त्या तशाच ठेवल्या.

उपाय सोपा आहे. ड्राइव्हमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा, सोसायटीला दिलेला पत्ता निवडा आणि `Shared` किंवा `Shared with me` मध्ये पाहा. फोल्डर तिथे दिसेल. तरीही दिसला नाही, तर सदनिका क्रमांक लिहून कळवा. लिंक ग्रुपवर पुढे पाठवून काही साधत नाही, कारण यादीत नसलेल्या पत्त्याला ती उघडतच नाही. तशी व्यवस्था मुद्दाम केली आहे. हिशेबाच्या कागदांत थकबाकीदारांची नावे असतात. ती आपल्या सभासदांनी पाहावीत, गावभर फिरू नयेत.

गैरसमज : सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर झाले, तरी ते २०२५-२६ च्या फोल्डरमध्ये नाहीत, म्हणजे लपवले आहेत.

वस्तुस्थिती : हिशेब लपवलेले नाहीत, ते २०२४-२५ च्या फोल्डरमध्ये आहेत. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे सभा नेहमी एका वर्षात होते आणि तिच्यापुढे हिशेब आधीच्या वर्षाचे असतात. आपल्याकडे कागद ज्या वर्षाचा, त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये जातो. १४ सप्टेंबर २०२५ च्या सभेचे इतिवृत्त `२०२५-२६ / वार्षिक सभा` इथे आहे. त्या सभेपुढे आलेला ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक `२०२४-२५ / हिशेब` इथे आहे.

त्या हिशेबाच्या फोल्डरमध्ये दोन संच दिसतील. `लेखापरीक्षणापूर्वी` असे नाव असलेला संच आम्ही वर्ष संपल्यावर तयार करतो. उपविधींनुसार त्यासाठी ४५ दिवस असतात. `लेखापरीक्षित` हा संच लेखापरीक्षकाची सही होऊन आलेला असतो, आणि लेखापरीक्षण वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत व्हायला हवे. दोन्हींत आकड्यांचा फरक आढळला, तर लगेच घोटाळ्याची शंका घेऊ नका. एखादे मार्चचे वीजबिल एप्रिलमध्ये भरलेले असते आणि लेखापरीक्षक ते मागच्या वर्षात धरायला लावतात. मात्र प्रश्न विचारताना किंवा कोणाला आकडा सांगताना सही असलेलाच संच समोर ठेवा. लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांवर समितीने दिलेले उत्तर, म्हणजे ‘ओ’ नमुन्यातला दोषदुरुस्ती अहवाल, त्याच फोल्डरमध्ये असतो. हिशेबातले खरे वाचण्यासारखे पान अनेकदा तेच असते.

गैरसमज : फोल्डरमध्ये आले की इतिवृत्त पक्के झाले, आता बोलून उपयोग नाही.

वस्तुस्थिती : बोलण्याची वेळ नेमकी तेव्हाच सुरू होते. आदर्श उपविधींप्रमाणे समितीने सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा सभेपासून तीन महिन्यांत निश्चित करायचा असतो आणि समितीच्या त्या बैठकीनंतर १५ दिवसांत सभासदांना पाठवायचा असतो. मसुदा पाठवल्यापासून १५ दिवसांत सभासद आपले म्हणणे सचिवांना लेखी कळवू शकतात. ते विचारात घेऊन समिती पुढच्या बैठकीत अंतिम इतिवृत्त तयार करते.

मागच्या सभेचेच उदाहरण घ्या. समितीने १२ ऑक्टोबरला मसुदा ठरवला. २५ ऑक्टोबरला, दिवाळी आटोपल्यावर, तो `मसुदा` या नावाने फोल्डरमध्ये गेला आणि सर्वांना ईमेल गेली. हरकतींची मुदत ९ नोव्हेंबर होती. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव ‘एकमताने मंजूर’ असा लिहिला गेला होता. एका ताईंनी लेखी कळवले की त्यांनी आणि आणखी दोघांनी विरोधात हात वर केला होता. हजेरीवही आणि सभेत घेतलेली टिपणे पाहिली, तेव्हा त्यांचे म्हणणे बरोबर निघाले. २३ नोव्हेंबरच्या बैठकीत ‘बहुमताने मंजूर, विरोधात तीन’ अशी दुरुस्ती झाली आणि `अंतिम` नावाची फाइल टाकली. मसुदाही शेजारीच ठेवला आहे, म्हणजे काय बदलले ते कोणालाही ताडून पाहता येते.

याची मर्यादाही ध्यानात ठेवा. सभेत जे घडले ते चुकीचे लिहिले असेल, तरच दुरुस्ती होते. ठराव आता पटत नाही, खर्च जास्त वाटतो, या हरकती इतिवृत्तावरच्या नव्हेत. त्यांच्यासाठी पुढच्या सभेपुढे विषय द्यावा लागतो. आणि ज्यांनी मसुदा आधीच फोनमध्ये उतरवून घेतला आहे, त्यांच्याकडची प्रत आपोआप बदलत नाही. बोलण्यापूर्वी फोल्डरमधली `अंतिम` फाइल उघडून पाहा.

गैरसमज : आता सगळे फोल्डरमध्ये आहे, कार्यालयातल्या वह्या कोणी दाखवणार नाही.

वस्तुस्थिती : फोल्डरमध्ये फक्त प्रती आहेत. सह्या असलेले मूळ इतिवृत्त कार्यालयातल्या पुस्तकातच असते आणि दोहोंत फरक आढळला तर पुस्तक ग्राह्य धरायचे. उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेची आणि समितीची इतिवृत्ते, सभासद नोंदवही आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा हक्क सहकार कायदा सभासदाला देतो. लेखी अर्ज करून आणि शुल्क भरून प्रतीही मागता येतात. स्मार्टफोन न वापरणाऱ्यांचा हा हक्क फोल्डरमुळे तसूभरही कमी झालेला नाही. उलट काही कागद फोल्डरमध्ये कधीच येणार नाहीत. नामनिर्देशनाचे अर्ज आणि सभासदांच्या आधार-पॅनच्या प्रती कपाटातच राहतील.

फोल्डर माझ्या खासगी खात्यावर नसून सोसायटीच्या नावाने उघडलेल्या खात्यावर आहे. सचिव बदलला की पासवर्डसोबत त्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांकही बदलावा लागतो. नाहीतर पडताळणीचा संदेश जुन्या सचिवाच्याच फोनवर जात राहतो. कार्यभार सोपवण्याच्या यादीत आम्ही ही नोंद घातली आहे.

ज्यांचा ईमेल पत्ता नोंदवायचा राहिला आहे, त्यांनी तो सदनिका क्रमांक आणि सहीसह कागदावर लिहून येत्या रविवारी कार्यालयात द्यावा. त्या पत्त्यावर त्याच दिवशी परवानगी दिली जाईल.

आपला,
सचिव