मोटर चालते, पण पाणी चढत नाही

मे महिन्यात इंदूरला आमच्या घरचा हौद तळाला गेला. टँकर मागवून हौद भरला, मोटर लावली. आवाज नेहमीचाच, पण गच्चीवरच्या टाकीत थेंब नाही. पूर्वी आम्ही अशा वेळी मोटर तशीच चालू ठेवून वाट बघायचो. ते चुकीचे, कारण कोरड्या पंपाचे सील तापून खराब होते.

हा पंप हवा ओढू शकत नाही. तो आणि हौदात उतरणारा पाइप, दोन्ही पाण्याने भरलेले लागतात. हे पाणी धरून ठेवते पाइपच्या तळाची झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह.

मेन स्विच बंद करून आम्ही पंपावरचा प्रायमिंगचा बोल्ट काढला आणि बुडबुडे थांबेपर्यंत तांब्याने पाणी ओतले. काठोकाठ भरल्यावर लगेच मोटर न लावता दहा मिनिटे थांबलो. दुखणे इथेच कळते. पाणी टिकले असते, तर नुसती हवा अडकली होती. बोल्ट घट्ट करून मोटर लावली की झाले. भरूनही धार मध्येच तुटत असेल, तर पाइपचा एखादा सांधा हवा ओढत असतो.

आमच्याकडे मात्र पाणी खाली उतरले. पाइप वर काढला, तर झडपेत वाटाण्याएवढा खडा! (प्लंबर नवा पंप घ्या म्हणत होता.) झडप धुतली, ती तळापासून वीतभर वर राहील असा पाइप बसवला आणि पुन्हा पाणी भरले. या वेळी पातळी हलली नाही. मोटर लावताच मिनिटभरात टाकीत धार पडली.