एकाच सिनेमाचे दोन अर्थ

‘ब्लेड रनर’च्या शेवटाकडे डेकार्ड रॅचेलला घेऊन घराबाहेर पडतो. लिफ्टकडे जाताना तिच्या पायाचा धक्का जमिनीवर पडलेल्या कसल्याशा चमकत्या कागदाला लागतो. डेकार्ड तो उचलतो. कागदाची घडी घालून केलेला छोटा युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी घोडा. पोलीस खात्यातला गॅफ नावाचा माणूस अशा आकृत्या करत असतो, हे आपण आधीच पाहिलेलं असतं. १९८२ साली थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाने त्याचा अर्थ सरळ लावला: गॅफ इथे येऊन गेला आणि रॅचेलला जिवंत सोडून गेला.

दहा वर्षांनी आलेल्या डायरेक्टर्स कटमध्ये हाच प्रसंग आहे, पण त्याच्या बऱ्याच आधी काही सेकंदांचं एक दृश्य घातलं आहे. डेकार्ड पियानोपाशी पेंगत असताना त्याला जंगलातून दौडणारा युनिकॉर्न दिसतो. आता शेवटचा कागदी घोडा पाहून अंगावर काटा येतो. डेकार्डच्या मनातलं गॅफला कसं कळलं? रॅचेलसारख्या कृत्रिम माणसांच्या, म्हणजे रेप्लिकंटांच्या, आठवणी बाहेरून भरलेल्या असतात. मग त्यांची शिकार करणारा डेकार्डही त्यांच्यातलाच आहे का?

हे दृश्य दिग्दर्शक रिडली स्कॉटने याच सिनेमासाठी चित्रित केलं होतं, तरी ते १९८२च्या आवृत्तीत आलं नाही. सिनेमाचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेला होता आणि त्यामुळे वाढीव खर्चाची हमी घेतलेल्या निर्मात्यांच्या हाती सूत्रं गेली होती. त्यातच डेन्व्हर आणि डॅलसमधल्या चाचणी खेळांत कच्ची प्रत पाहून प्रेक्षक गोंधळले. कथा समजावी म्हणून हॅरिसन फोर्डच्या आवाजात डेकार्डचं निवेदन घातलं गेलं. शेवटही गोड केला. डेकार्ड आणि रॅचेल हिरव्या डोंगरांतून गाडीने निघून जातात. त्यातली हेलिकॉप्टरमधून टिपलेली डोंगरांची दृश्यं स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’मधल्या न वापरलेल्या चित्रीकरणातली आहेत.

निवेदनाने काय बिघडलं, ते रॉय बॅटीच्या मृत्यूच्या प्रसंगात कळतं. पावसात भिजलेला रुटगर हाऊर शेवटचे शब्द बोलून मान टाकतो. नंतरच्या शांततेत प्रेक्षकाने जे स्वतः ओळखायचं, ते १९८२मध्ये डेकार्ड बोलून सांगून टाकतो. निवेदन काढलं की तीच दृश्यं कितीतरी खोल जातात.

पण ‘डायरेक्टर्स कट’ या शिक्क्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. १९९०मध्ये लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात चाचणीची ती जुनी कच्ची प्रत दाखवली गेली आणि पुढच्या वर्षी तिचे खेळ गर्दीत चालले. तिलाच डायरेक्टर्स कट म्हटलं जाऊ लागलं, तेव्हा ही आपली पूर्ण झालेली आवृत्ती नव्हे, असं स्कॉटने सांगितलं. त्यातून १९९२ची अधिकृत आवृत्ती निघाली. तीही स्कॉटच्या टिपणांवरून दुसऱ्यांनीच घाईघाईत जुळवलेली होती. स्कॉटला पुरतं स्वातंत्र्य मिळालं ते २००७च्या ‘फायनल कट’मध्ये.

चाहत्यांचा खरा वाद इथून सुरू होतो. काही जण विचारतात, संकलनाच्या टेबलावर शेवटचा शब्द कुणाचा होता? त्यांच्या लेखी २००७चीच आवृत्ती खरी. पण त्या आवृत्तीत जुन्या चुकाही दुरुस्त झाल्या. झोरा काचा फोडत पळते, तिथे स्टंट करणारी दुसरी बाई स्पष्ट ओळखू यायची. २००७मध्ये जोआना कॅसिडीकडून चेहऱ्याचं नवं चित्रीकरण करून तो तिथे बसवला. अशी दुरुस्ती मला रास्त वाटते, कारण प्रसंगाचा अर्थ तीच राहतो. रंगांचं तसं नाही. नव्या आवृत्तीवर चढलेली हिरवट छटा कित्येकांना खटकते, आणि त्यांची तक्रार ऐकण्यासारखी आहे: हा पंचवीस वर्षांनी बदललेल्या स्कॉटच्या आवडीचा सिनेमा आहे, १९८२च्या स्कॉटचा नव्हे.

डेकार्ड रेप्लिकंट आहे, असं स्कॉट ठामपणे सांगतो. फोर्डने मात्र तो माणूस आहे असं धरूनच भूमिका केली. अभिनय प्रत्येक आवृत्तीत तोच आहे, त्यामुळे युनिकॉर्नचं दृश्य घातलं तरी फोर्डच्या चेहऱ्यावरचा माणूस पुसला जात नाही. दिग्दर्शकाचा शब्द आवृत्ती ठरवायला पुरतो. पात्र कोण आहे हे ठरवायला तो पुरत नाही, असं माझं मत आहे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याने २००७ची आवृत्ती घ्यावी. मग १९८२ची लावून बॅटीच्या मृत्यूपासून शेवटपर्यंतचा भाग पाहावा, आणि कागदी युनिकॉर्न हाती आल्यावर डेकार्ड जी मान हलवतो ती दोन्हींत नीट न्याहाळावी.